काकांचे शेअर कंपनीनेच घ्यायचे तर: बायबॅक, भांडवल कपात आणि धनकोंचा हिशेब

"मला आता बास. माझे शेअर घ्या आणि मला मोकळं करा." घरच्या कंपनीत हे वाक्य कधी ना कधी कुणाच्या तरी तोंडून निघतंच. पुतण्यांकडे एवढी रक्कम नसते आणि बाहेरचा माणूस भागीदार म्हणून घरात घ्यायचा नसतो. मग कुणीतरी सुचवतं, "कंपनीकडे पैसे पडून आहेत ना? कंपनीच घेईल."

कंपनी घेऊ शकते, पण त्याआधी कायदा बरंच काही विचारतो. ते नीट कळावं म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. आकडे हिशेब समजण्यासाठी मी मांडले आहेत, पण असे ताळेबंद चाकण-भोसरीकडे नेहमी दिसतात.

ही सुट्या भागांची एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. तिचे 10 रुपये दर्शनी किमतीचे 20 लाख शेअर आहेत, म्हणजे भरणा झालेलं भांडवल 2 कोटी. नफ्यातून साठलेला मुक्त राखीव निधी 7 कोटी आणि शेअर प्रीमियमच्या खात्यात 1 कोटी. जमिनीची किंमत वाढवून दाखवल्यामुळे आलेला पुनर्मूल्यांकन निधी आणखी 3 कोटी. कर्ज साडेचौदा कोटी, त्यात बँकेचं 11 कोटी आणि बाकी संचालक व नातेवाइकांचं. पुरवठादारांची दीड कोटीची बिलं द्यायची आहेत. मुदत ठेवी 3 कोटी 40 लाख. काकांकडे 5 लाख शेअर आहेत आणि भाव ठरलाय 50 रुपये, म्हणजे मागणी अडीच कोटींची.

धनकोंचा यात काय संबंध?

कंपनी बुडाली तर रांग ठरलेली असते. आधी देणी फेडायची, काही उरलंच तर भागधारकांना द्यायचं. भागधारक घरातून भर घालत नाही, त्याची जबाबदारी शेअरपुरतीच असते. म्हणून उधारी देणारा माणूस कंपनीत अडकलेल्या भांडवलाकडे बघून उधारी देतो. आता कंपनीने स्वतःचेच शेअर विकत घेतले, तर रांगेतला शेवटचा माणूस सगळ्यांच्या आधी पैसे घेऊन निघून जातो. बदल्यात कंपनीच्या हातात काय येतं? स्वतःचेच शेअर, जे रद्दच करायचे असतात. मशीन घेतलं तर निदान मशीन तरी उरतं.

इंग्लंडमधल्या 'ट्रेव्हर विरुद्ध व्हिटवर्थ' या 1887 च्या खटल्यात हाच प्रश्न होता. फ्लॅनेल बनवणारी कंपनी अवसायनात निघाली होती, म्हणजे गुंडाळली जात होती, आणि एका दिवंगत भागधारकाच्या मृत्युपत्राचे व्यवस्थापक कंपनीला विकलेल्या शेअरची उरलेली किंमत मागत होते. हाउस ऑफ लॉर्ड्सने नकार दिला. व्यापारात भांडवल बुडणं हा धोका धनकोने पत्करलेला असतो, पण ते भागधारकांना परत केलं जाण्याचा धोका त्याने पत्करलेला नसतो, असा त्या निकालाचा गाभा. भारतातही कित्येक दशकं हेच तत्त्व होतं. 1998 च्या अखेरीस बायबॅकला, म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर विकत घेण्याला, वाट मोकळी झाली, ती अटींसकट. आज त्या अटी कंपनी कायदा 2013 च्या कलम 68, 69 आणि 70 मध्ये आहेत. भांडवल कपात, म्हणजे शेअर रद्द करून किंवा त्यांची दर्शनी किंमत घटवून भांडवल कमी करणं, त्याच कायद्याच्या कलम 66 मध्ये आहे.

या दोन वाटांमधला फरक एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं जातं. भांडवल कपातीत धनकोला नोटीस जाते, त्याचं म्हणणं ऐकलं जातं आणि राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, म्हणजे एनसीएलटी, मंजुरी देतं. बायबॅकमध्ये यातलं काहीच नाही. पुरवठादाराला कुणी विचारत नाही, बहुधा त्याला पत्ताही लागत नाही. तो तिथे बोलायला नसतो म्हणूनच कायद्याने त्याच्या वतीने काही आकडे आणि एक प्रतिज्ञापत्र उभं केलं आहे. ते आकडे ढिले सोडले, तर त्याच्यासाठी दुसरं काही उरत नाही.

पहिली पायरी: आपण पात्र आहोत का?

हिशेबाला बसण्याआधी कलम 70 वाचा. ठेवी किंवा त्यांवरचं व्याज, डिबेंचर, प्रेफरन्स शेअरची परतफेड, जाहीर केलेला लाभांश, बँक किंवा वित्तसंस्थेच्या मुदत कर्जाचा हप्ता वा व्याज, यांपैकी काही थकलं असेल तर बायबॅक करता येत नाही. आज थकबाकी भरली आणि उद्या बायबॅक केला, असंही चालत नाही. थकबाकी दूर झाल्यावर तीन वर्षं जावी लागतात. वार्षिक विवरणपत्र भरलेलं नसेल किंवा आर्थिक पत्रकं कायद्याप्रमाणे नसतील, तरी दार बंद. मी कुठलंही काम हाती घेताना आधी बँकेकडून मुदत कर्जाचा उतारा मागवतो, कारण "एखादा हप्ता पुढे-मागे झाला असेल" हे वाक्य मालकाच्या तोंडून सहज निघतं आणि तिथेच सगळं संपतं.

मग कंपनीची नियमावली, म्हणजे आर्टिकल्स, उघडा. त्यात बायबॅकची परवानगी लिहिलेली हवी. नसेल तर आधी विशेष ठरावाने ती घालून घ्यावी लागते. शेअर पूर्ण भरणा झालेले हवेत. आधीचा बायबॅक झाला असेल तर तो प्रस्ताव बंद झाल्यापासून एक वर्ष उलटलेलं हवं.

दुसरी पायरी: तीन चाळण्या

किती शेअर घेता येतील हे तीन वेगवेगळ्या चाळण्यांतून ठरतं, आणि सगळ्यांत लहान उत्तर खरं.

पहिली चाळणी शेअरच्या संख्येची. एका आर्थिक वर्षात भरणा झालेल्या समभाग भांडवलाच्या 25 टक्क्यांपर्यंतच शेअर घेता येतात. 20 लाखांचे 25 टक्के म्हणजे 5 लाख. काकांचे शेअर काठोकाठ बसतात.

दुसरी चाळणी रकमेची. भरणा झालेलं भांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या बेरजेच्या 25 टक्क्यांपर्यंतच पैसे देता येतात. या हिशेबात प्रीमियमचं खातं मुक्त निधीत धरायला कायद्याने परवानगी दिली आहे. जमिनीचे 3 कोटी मात्र धरायचे नाहीत. ते कागदावर वाढलेले आहेत, बँकेत आलेले नाहीत. तेव्हा बेरीज 2 अधिक 7 अधिक 1, म्हणजे 10 कोटी, आणि मर्यादा अडीच कोटी. इथेही काठोकाठ. ते 3 कोटी चुकून धरले असते तर मर्यादा सव्वातीन कोटी दिसली असती आणि कुणीतरी भाव 60 रुपये करा म्हणून बसलं असतं.

(ही रक्कम बेरजेच्या 10 टक्क्यांपर्यंत, म्हणजे इथे 1 कोटीपर्यंत, असती तर संचालक मंडळाचा ठराव पुरला असता. त्यावर गेलं की भागधारकांचा विशेष ठराव लागतो.)

तिसरी चाळणी कर्जाची, आणि खरी गंमत इथे आहे. बायबॅक झाल्यानंतर कंपनीचं तारण असलेलं आणि नसलेलं मिळून एकूण कर्ज, भांडवल अधिक मुक्त निधी यांच्या दुपटीहून जास्त असता कामा नये. घाईत केलेला हिशेब असा असतो: 10 कोटींतून अडीच गेले, साडेसात उरले, दुप्पट 15 कोटी, कर्ज साडेचौदा, म्हणजे चाललं.

चालत नाही. कलम 69 सांगतं की मुक्त निधीतून किंवा प्रीमियममधून शेअर विकत घेतले, तर रद्द होणाऱ्या शेअरच्या दर्शनी किमतीएवढी रक्कम 'कॅपिटल रिडेम्प्शन रिझर्व्ह' नावाच्या वेगळ्या खात्यात टाकायची. तिथून ती लाभांश म्हणून वाटता येत नाही, फार तर बोनस शेअर द्यायला वापरता येते. भांडवलाचं जे कुंपण पडलं, त्याच्या जागी तेवढंच दुसरं कुंपण घालायचं, असा हा विचार. पण मग ही रक्कम 'मुक्त' राहत नाही, म्हणून कर्जाच्या हिशेबातूनही ती बाहेर जाते.

पुन्हा मांडू. 5 लाख शेअर रद्द झाले की भांडवल 50 लाखांनी कमी होऊन दीड कोटी उरतं. दर्शनी किमतीच्या वर दिलेले 40 रुपये, म्हणजे 2 कोटी, निधीतून जातात. शिवाय 50 लाख त्या वेगळ्या खात्यात. 8 कोटींचा निधी साडेपाच कोटींवर येतो. दीड अधिक साडेपाच, 7 कोटी. दुप्पट 14 कोटी, आणि कर्ज साडेचौदा. अट मोडली.

सोपी युक्ती अशी की प्रत्येक शेअरमागे 50 नव्हे, 60 रुपये कमी होतात असं धरायचं: 50 खिशातून गेलेले आणि 10 बाजूला ठेवलेले. साडेचौदा कोटींच्या कर्जाला किमान सव्वासात कोटींचा आधार हवा. म्हणजे 10 कोटींतून पावणेतीन कोटीच हलवता येतात. त्याला 60 ने भागलं की 4,58,333 शेअर येतात. तिसऱ्या चाळणीतून एवढेच पडतात. पूर्ण 5 लाख घ्यायचेच असतील, तर आधी 50 लाखांचं कर्ज फेडावं लागेल.

या चाळणीत मी फक्त कर्जं धरली, पुरवठादारांची बिलं नाही. व्यवहारात बरेच जण असंच करतात, पण कायद्यातला शब्द 'ऋणं' असा मोघम आहे. बिलांची रक्कम मोठी असेल तर ती धरूनही एकदा गुणोत्तर काढून बघा. काठावरचा हिशेब म्हणजे पुढे वादाला आमंत्रण.

तिसरी पायरी: पैसे कुठून?

कायद्याला तीनच स्रोत मान्य आहेत: मुक्त निधी, प्रीमियम खातं, किंवा दुसऱ्या प्रकारचे शेअर वा रोखे काढून आलेली रक्कम. ही झाली पुस्तकातली बाजू. प्रत्यक्ष रोकड बँक किंवा वित्तसंस्थेकडून कर्जाऊ घेतलेली असता कामा नये, असं शेअर भांडवल आणि डिबेंचरच्या नियमांतला नियम 17 सांगतो.

लहान कंपन्या नेमक्या इथे अडखळतात. त्यांचा रोजचा व्यवहार कॅश क्रेडिट खात्यातून होतो आणि ते खातं कायम उणे असतं. त्यातून काकांचा चेक काढला की तो बँकेच्या पैशाचाच चेक झाला, मग राखीव निधी कितीही असो. आपल्या उदाहरणात मुदत ठेवी आहेत, म्हणून मार्ग आहे. ठेव मोडल्याची तारीख आणि रक्कम कुठे गेली याची साखळी कागदावर दिसू द्या. बँकेचं मंजुरीपत्रही वाचा. भांडवलात बदल करण्याआधी बँकेची लेखी संमती घ्यावी अशी अट त्यात बहुतेक वेळा असते.

चौथी पायरी: शोधनक्षमतेची घोषणा

एसएच-9 हा फॉर्म दोन पानांचा आहे आणि लोक तो सहीला आलेल्या इतर कागदांसारखा उरकतात. किमान दोन संचालकांनी, व्यवस्थापकीय संचालक असेल तर त्यातला एक तो, शपथेवर सांगायचं असतं की मंडळाने कंपनीच्या स्थितीची पूर्ण चौकशी केली आहे, कंपनी आपली देणी देऊ शकते आणि घोषणेपासून वर्षभरात ती दिवाळखोर होणार नाही. हे खोटं निघालं तर फसवणुकीच्या कलमापर्यंत प्रकरण जातं.

पुरवठादाराचं खरं संरक्षण या कागदात आहे, म्हणून इथे जरा थांबा. पुढच्या बारा महिन्यांचा रोख प्रवाह महिन्यागणिक मांडा. आपल्या उदाहरणात 50 लाखांचं कर्ज फेडून पूर्ण अडीच कोटी दिले, तर 3 कोटी 40 लाखांच्या ठेवींतले 40 लाख उरतात. समोर दीड कोटींची बिलं, दिवाळीचा बोनस, आगाऊ कर आणि बँकेचे हप्ते. मोठ्या ग्राहकाने पैसे दोन महिने लांबवले तर? गुणोत्तर बरोबर 2 येतं आणि तरीही मी संचालक असतो तर सही केली नसती.

माझा सल्ला असा असता: या वर्षी 4 लाख शेअरच घ्या. खर्च 2 कोटी. 60 च्या हिशेबाने 2 कोटी 40 लाख हलतात, आधार 7 कोटी 60 लाख उरतो आणि कर्जाचं प्रमाण 1.91 येतं. एक रुपयाही कर्ज न फेडता अट पाळली जाते आणि 1 कोटी 40 लाखांच्या ठेवी हाताशी राहतात. काकांचे उरलेले 1 लाख शेअर एक वर्षानंतर, पुन्हा हाच सगळा हिशेब करून.

पाचवी पायरी: कागद आणि तारखा

हिशेब ज्या लेखापरीक्षित आकड्यांवर केला, ते प्रस्तावाच्या तारखेला सहा महिन्यांपेक्षा जुने चालत नाहीत. मार्चअखेरचे आकडे म्हणजे सप्टेंबर संपायच्या आत प्रस्ताव निघायला हवा. उशीर झाला तर नंतरच्या काळाचे आकडे काढून ऑडिटरकडून त्यांचा मर्यादित आढावा करून घ्यावा लागतो.

मंडळाची सभा, मग भागधारकांना 21 दिवसांची नोटीस आणि विशेष ठराव. नोटिशीत बायबॅक कशासाठी, किती रकमेचा, किती काळात, हे सगळं उघड सांगायचं. ठराव 30 दिवसांत एमजीटी-14 ने कंपनी निबंधकाकडे, म्हणजे आरओसीकडे, जातो. बायबॅक ठरावापासून वर्षभरात पुरा व्हायला हवा. ठराव झाला की एसएच-8 हे प्रस्तावपत्र एसएच-9 सोबत आरओसीकडे दाखल करायचं आणि 20 दिवसांच्या आत भागधारकांना पाठवायचं. प्रस्ताव किमान 15 आणि कमाल 30 दिवस खुला असतो.

प्रस्ताव सगळ्या भागधारकांना द्यावा लागतो, एकट्या काकांना नाही. पुतण्यांनी शेअर दिले नाहीत तर काकांचे सगळे 4 लाख स्वीकारता येतात. पण एखाद्या पुतण्यानेही आपले शेअर पुढे केले, तर प्रत्येकाचे प्रमाणशीरच घ्यावे लागतात आणि काकांच्या हाती निम्मेशिम्मेच पैसे पडतात. तेव्हा "आम्ही शेअर देणार नाही" हे घरात आधी बोलून लेखी घ्या.

प्रस्ताव बंद झाला की वेगळं बँक खातं उघडून त्यात पूर्ण रक्कम ठेवायची. 15 दिवसांत पडताळणी, त्यानंतर 7 दिवसांत पैसे. व्यवहार पुरा झाल्यापासून 7 दिवसांत शेअर नष्ट करायचे, एसएच-10 च्या नोंदवहीत नोंद करायची आणि 30 दिवसांत एसएच-11 भरायचा, सोबत अटी पाळल्याचं एसएच-15 प्रमाणपत्र. पुढचे सहा महिने त्याच प्रकारचे नवे शेअर काढता येत नाहीत. बोनस आणि आधीपासूनच्या काही बांधिलक्या तेवढ्या अपवाद.

कराबद्दल इतकंच की हे नियम अनेकदा बदलले आहेत. एके काळी कर कंपनी भरायची, 1 ऑक्टोबर 2024 पासून मिळालेली रक्कम भागधारकाच्या हातातला लाभांश धरली गेली. काकांना भाव सांगण्याआधी, पैसे ज्या वर्षी द्यायचे त्या वर्षीचा नियम सीएकडून घ्या.

अटी बसत नसतील तर: भांडवल कपात

काकांना सगळे पैसे एकदम हवे असतील, किंवा एकाच गटाचे शेअर रद्द करायचे असतील, तर कलम 66 ची वाट उरते. पुण्याच्या सँडविक एशिया कंपनीने अल्पसंख्य भागधारकांचे शेअर असेच रद्द करायचं ठरवलं होतं आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 2009 मध्ये ते मान्य केलं. 25 टक्के किंवा दुप्पट कर्जाची अट इथे नाही. त्याऐवजी धनको समोर येतात.

विशेष ठरावानंतर एनसीएलटीकडे आरएससी-1 मध्ये अर्ज जातो. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी तो मुंबई खंडपीठाकडे. ठेवी किंवा त्यांचं व्याज थकलेलं असेल तर कपातच करता येत नाही. अर्जासोबत धनकोंची यादी लागते, आणि ती दाखल करण्याच्या आधीच्या 15 दिवसांतल्या तारखेची हवी. यादी बरोबर असल्याचं आणि हिशेबाची पद्धत लेखामानकांप्रमाणे असल्याचं ऑडिटरचं प्रमाणपत्रही लागतं. मग न्यायाधिकरणाच्या आदेशाने प्रत्येक धनकोला आरएससी-3 नोटीस, वर्तमानपत्रांत जाहिरात आणि आक्षेपासाठी तीन महिने. प्रत्येकाचं देणं फेडलं, ठरवलं वा सुरक्षित केलं गेलं आहे किंवा त्याची संमती आहे, याची खात्री झाली तरच मंजुरी.

पैसे बाहेर जात नसतील तेव्हाही धनकोने नोटीस वाचावी. समजा 5 कोटी भांडवलाच्या कंपनीला 3 कोटींचा साचलेला तोटा आहे आणि 10 चा शेअर 4 रुपयांचा करून तो तोटा पुसायचा आहे. आज एक पैसाही हलत नाही. पण आधीचा तोटा भरून काढल्याशिवाय चालू नफ्यातून लाभांश देता येत नाही. तोटा पुसला की पुढच्याच वर्षीचा नफा वाटायला मोकळा होतो. पुढे येणारे ते 3 कोटी कंपनीतच राहणार होते, आता राहतीलच असं नाही.

तुम्ही पुरवठादार असाल आणि अशी नोटीस आली, तर आधी यादीतला आपला आकडा आपल्या खतावणीशी ताडून बघा. फरक असेल किंवा बिल जुनं थकलेलं असेल, तर बिलांच्या प्रतींसह न्यायाधिकरणाकडे लेखी म्हणणं पाठवा आणि त्याची प्रत कंपनीला द्या. तीन महिने गप्प राहिलात तर तुमची हरकत नाही असं धरलं जातं. नोटीसच आली नाही, यादीत नावच नव्हतं आणि कपातीनंतर कंपनीला तुमचे पैसे देता येईनात, तर कलम 66 मध्ये त्याचीही सोय आहे. कपातीची नोंद झाली त्या दिवशी जे भागधारक होते, त्यांच्याकडून वसुली होऊ शकते, आदल्या दिवशी कंपनी अवसायनात गेली असती तर त्यांनी जितकं दिलं असतं तितक्यापुरती. आणि ज्या अधिकाऱ्याने तुमचं नाव जाणूनबुजून लपवलं, त्याला फसवणुकीचं कलम 447 लागतं.